ताई, कालच बोलायला पाहिजे होतं

ताई नमस्कार, काल बोर्डावर प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून तुमचं नाव लागलं तेव्हा सगळे तुमच्या टेबलापाशी गोळा झाले आणि मी चेकिंग खात्यातच थांबलो, पेढा पण नंतर शिपायाच्या हातून घेतला. तुमच्या लक्षात आलं असणारच. तुमच्यावर राग नव्हता ओ, पण वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, अकरा वर्षं झाली मला इथं आणि घरी पण सांगून ठेवलेलं की यंदा होईल बहुतेक, त्यामुळे तुमच्यासमोर आलो असतो तर चेहऱ्यावर दिसलं असतं आणि तुमचा दिवस खराब झाला असता.

आज सकाळी सिद्धेश्वर तळ्याला दोन चकरा मारल्या, डोकं जरा शांत झालं, म्हणून आता लिहितोय. प्रॉडक्शन मॅनेजर झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन ताई.

मला ती फिकट निळ्या टॉवेलांची ऑर्डर आठवते. ट्यूबलाइटखाली सगळा माल एकच शेड दिसत होता, आम्ही सगळे पॅक करा म्हणत होतो, आणि तुम्ही दोन टॉवेल उचलून बाहेर उन्हात घेऊन गेलात आणि तिथं दिसलं की डाइंगचे दोन लॉट एकत्र झालेत. भरलेले बॉक्स परत फोडायला लावले, कंटेनर एक दिवस लेट गेला, वरून किती बोलणी खाल्लीत तुम्ही, पण एक पीस परत आला नाही. त्या दिवशी माझ्या हातात असतं तर मी माल सोडला असता ताई. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण काल रात्री हेच सारखं आठवत होतं. आणि लूमवरच्या माणसांशी तुम्ही तेलुगूत घरच्यासारखं बोलता, त्यांच्या अडचणी तुमच्यापर्यंत येतात, माझ्यापर्यंत येत नाहीत, हा फरक मोठाच आहे.

दोघातिघांनी काल येऊन मला सांगितलं की माझ्यावर अन्याय झाला, मी म्हणलं असलं काही बोलायचं नाही, विषय बंद. तुमच्या कानावर माझ्या नावानं काही आलं तर सरळ मला विचारा. आणि एक विनंती, मला वाईट वाटेल म्हणून काम सांगताना बिचकू नका, चुकलो तर बाकीच्यांना बोलता तसंच बोला.

इंटरव्ह्यूसाठी मी एक शीट केली होती, कुठला लूम कुठल्या पाळीत किती मिनिटं बंद राहतो आणि कशामुळं, धागा तुटला की बीम संपला की लाइट गेली, तीन महिन्यांचं सगळं लिहिलंय. आता ती तुमच्या कामाची आहे. जॅकार्डच्या चार नंबरचं तर आधी बघायला पाहिजे, तिथं लई वेळ जातोय.

सोमवारी पहिल्या पाळीला साडेसहालाच वही घेऊन येतो, चहा तुमच्याकडून.