तासांच्या वेळी फोन आपोआप शांत ठेवण्याविषयी वर्गमित्रांना सूचना

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

मागील आठवड्यात तास चालू असताना फोन वाजण्याचे प्रसंग वारंवार घडले आणि शिक्षकांना दोनदा विषय मध्येच थांबवावा लागला, म्हणून येत्या सोमवारपासून प्रत्येकाने आपल्या फोनवर वेळापत्रकानुसार चालू-बंद होणारा शांत मोड लावून ठेवावा, असे वर्ग प्रतिनिधी या नात्याने मी सुचवत आहे. रोज सकाळी हाताने फोन सायलेंट करणे पुरेसे पडत नाही. ते कधी करायचे राहून जाते, आणि केलेच तर परत आवाज सुरू करायचे राहते व संध्याकाळी घरच्यांचे फोन कळतच नाहीत. ठरावीक वेळेला फोन स्वतःच शांत झाला आणि स्वतःच पूर्ववत झाला, तर या दोन्ही अडचणी उरत नाहीत.

अँड्रॉइड फोनवर Settings उघडून वरच्या शोधचौकटीत Do Not Disturb असे लिहावे. कंपनीनुसार हा पर्याय वेगवेगळ्या ठिकाणी असतो आणि काही नव्या फोनांवर तो Modes या नावाखाली सापडतो. तेथे Schedules मध्ये नवे वेळापत्रक जोडून सोमवार ते शुक्रवार हे वार आणि सकाळी 9:00 ते 10:30 ही वेळ निवडावी, व त्याचप्रमाणे 10:45 ते 12:15 आणि दुपारी 1:00 ते 3:00 यांसाठी आणखी दोन वेळापत्रके करावीत. सकाळी 9 ते दुपारी 3 असा एकच सलग पट्टा ठेवणे सोपे आहे खरे, परंतु मग मधल्या सुट्टीतही फोन मुका राहतो आणि मित्रांनी जेवायला कुठे भेटायचे ते कळवलेले तुम्हाला तास सुरू झाल्यावर दिसते. आयफोनवर Settings मध्ये Focus, त्यात Do Not Disturb आणि त्यात Add Schedule या मार्गाने हेच करता येते.

आता अपवादांविषयी, कारण खरा विचार येथेच करावा लागतो. अँड्रॉइडवर ज्या संपर्कांना तारांकित केले असेल, त्यांचेच फोन येऊ देण्याची सोय Do Not Disturb च्या People या भागात, Calls खाली, Starred contacts या नावाने असते. तारा लावण्यासाठी संपर्क उघडून नावाजवळच्या ताऱ्याच्या चिन्हाला स्पर्श करावा. आयफोनवर People मध्ये जाऊन परवानगी द्यायच्या व्यक्ती निवडाव्यात, किंवा कॉलसाठी Favorites हा पर्याय घ्यावा. आई, वडील, भावंडे, घरी कोणी आजारी असल्यास त्यांची काळजी घेणारी व्यक्ती, एवढीच नावे या यादीत असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवलग मित्रांना तारा लावण्याचा मोह होईल. पण ते बहुधा त्या वेळी तुमच्याच बाकावर बसलेले असतात.

घरच्यांना एक गोष्ट अवश्य सांगून ठेवा: तातडीचे काम असेल तर साधा फोन करावा. संदेश आणि ॲपवरून केलेले कॉल या अपवादातून पोहोचतीलच असे धरून चालू नये. शिवाय, घरातील व्यक्तीला कधी दुसऱ्याच्या फोनवरून संपर्क साधावा लागतो आणि तो क्रमांक आपल्या यादीत नसतो. त्यासाठी Allow repeat callers ही सोय चालू ठेवावी, जी आयफोनवर Allow Repeated Calls या नावाने आहे. अँड्रॉइडवर त्याच क्रमांकावरून 15 मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत 3 मिनिटांची आहे. उत्पादने विकणारेही दोनदा फोन करतात, हे मान्य. तरी घरचा तातडीचा फोन चुकण्यापेक्षा तेवढा उपद्रव सोसणे मला योग्य वाटते.

येथे एक बाब सहज नजरेआड होते. अपवादातून सुटलेला फोन रिंगटोनच्या नेहमीच्या आवाजातच वाजतो, म्हणजे आईचा फोन आला तरी तास थांबणारच. म्हणून वर्गात येताना अँड्रॉइड फोन व्हायब्रेटवर आणि आयफोन सायलेंटवर ठेवावा, म्हणजे ठरलेल्या व्यक्तींचा फोन आल्यावर केवळ कंपन होईल; ते जाणवावे म्हणून फोन पिशवीत न ठेवता खिशात ठेवावा. हा आवाज मात्र नंतर हातानेच पूर्ववत करावा लागेल. आयफोनवर संपर्काच्या रिंगटोनमध्ये Emergency Bypass नावाची सोय आहे, ती तासांसाठी वापरू नये, कारण ती सायलेंट असतानाही आवाज होऊ देते. गजरही बहुतेक फोनांवर या मोडमध्ये वाजतात, तेव्हा तासांच्या वेळेतील गजर काढून टाकावेत.

फोन कंपन पावल्यास शिक्षकांची परवानगी मागत न बसता मागच्या दाराने शांतपणे बाहेर जावे. याला शिक्षकांनी संमती दिली आहे. परीक्षेला ही व्यवस्था लागू नाही, तेथे फोन बंदच हवा.

रविवारी घरच्यांपैकी एकाला आणि यादीत नसलेल्या एखाद्या मित्राला फोन करायला सांगून मांडणी तपासून पाहा; त्यासाठी मोड तात्पुरता हाताने चालू करता येतो. ज्यांना आपल्या फोनवर हे पर्याय सापडणार नाहीत, त्यांनी सोमवारी 10:30 च्या सुट्टीत फोन घेऊन माझ्याकडे यावे. वेळापत्रक बदलल्यास नव्या वेळा मी आदल्या दिवशी कळवीन.

आपला,
वर्ग प्रतिनिधी