कार्टात राहिलेल्या कापशी चपलेसाठी मेसेज आणि जाहिराती

व्हॉट्सॲप, तासाभराने
नमस्कार ताई, कोल्हापूरहून बोलतोय, पायताणाच्या दुकानातून. तुम्ही मघाशी 6 नंबरची कापशी बघत होतात, ब्राऊन, १,४५० रुपये, ती कार्टात तशीच राहिलीय. पेमेंट अडकलं असेल तर सांगा, कॅश ऑन डिलिव्हरी पण आहे.

व्हॉट्सॲप, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
ताई, बहुतेक जण साईजपाशी अडतात म्हणून विचारतोय. कागदावर उभं राहा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पेनाने खूण करा आणि किती सेंटिमीटर भरलं ते इथेच टाका, नंबर आम्ही सांगतो. दोन नंबरांच्या मधे पाय असेल तर लहान घ्या, कारण चामडं वापरून सैल होतं, आणि हो, पहिले काही दिवस अंगठ्याला चावणार, ते खोटं कशाला सांगू, रात्री पट्ट्याला आतून थोडं खोबरेल लावून ठेवा म्हणजे लवकर मऊ पडते. नाहीच बसली तर ७ दिवसांत बदलून देऊ, फक्त घरातच घालून बघा, रस्त्यावर नको. परत न्यायचा खर्च आमचा.

व्हॉट्सॲप, चौथ्या दिवशी, शेवटचा
ताई, तुमच्या नंबरात ब्राऊनचा हा एकच जोड उरलाय, पुढचा लॉट यायला तीनेक आठवडे लागतील. हातानं शिवायचं काम आहे, घाई केली की वेणी कच्ची राहते. डिस्काउंट कूपन नाही पाठवत, भाव पाडला की तो शेवटी शिवणाऱ्याच्याच मजुरीतून जातो. डिलिव्हरी मात्र रविवारपर्यंत फ्री करतो. नको असेल तर फक्त ‘नको’ लिहा, परत मेसेज येणार नाही.

इन्स्टा स्टोरी, कार्ट सोडून गेलेल्यांसाठी
बघून गेलात, घेऊन नाही गेलात!
कापशी अजून तुमच्या कार्टातच आहे.
बटण: कार्ट उघडा

फेसबुक, नुसतं बघून गेलेल्यांसाठी
२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सगळीकडे गाजावाजा झाला, पण २०१९ पासून या चपलेला जीआय टॅग आहे आणि तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरलाही आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने शिवण, खिळा एकही नाही. पावसात मात्र घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात टाकली की आखडते.
हेडलाईन: खरी कोल्हापुरी, थेट कोल्हापूरहून
बटण: तुमचा नंबर बघा

इन्स्टा, पुरुषांची पायताणं बघणाऱ्यांसाठी
कुर्ता इस्त्री करून ठेवलाय आणि पायात रबरी स्लिपर? राव, असं नाही चालत. जाड तळाचं, करकर वाजणारं पायताण, ७ ते ११ नंबर. लग्नाची तारीख जवळ असेल तर ऑर्डर करताना नोटमध्ये लिहा, वेळेत पोचणार नसेल तर आधीच फोन करून सांगू.
बटण: जोड निवडा