विषय: ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसवण्यासाठी परवानगी

काका, सप्रेम नमस्कार.

फ्लॅट ११ मधून लिहितेय. घरी बाळ आल्यापासून कपड्यांचा ढीग हातानं उरकेनासा झालाय, म्हणून ७ किलोचं टॉप लोड मशीन घ्यायचं ठरवलंय. ते स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत ठेवायला आपली परवानगी हवी आहे. पुढच्या बाल्कनीत जागा जास्त आहे, पण तिथला पाइप पावसाच्या पाण्याचा. साबणाचं पाणी त्यात सोडलं तर ते खाली पार्किंगमध्ये पसरेल.

फ्रंट लोड मुद्दामच घेत नाहीये. आपला मजला टाकीच्या लगेच खाली, त्यामुळे नळाला जोर कमी. शिवाय पाणी तापवणाऱ्या मशीनला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, म्हणजे भिंत फोडून नवी वायर आली. या मशीनमध्ये हीटर नाही, तिथल्या साध्या पॉइंटवर चालेल. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेईन.

प्लंबर काल येऊन पाहून गेले. भांड्यांचा नळ काढून तिथे दोन तोंडांचा नळ बसवायचा, एक मशीनला, एक मावशींना. (नळ मशीनने अडवला तर मावशी काम सोडतील, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.) मशीनचं पाणी नहाणी ट्रॅपमध्येच जाईल, जाळी बदलून पाइपपुरतं भोक असलेली टाकायची. मशीन पाणी एकदम सोडतं, म्हणून मी दोन बादल्या एका दमात ओतून पाहिल्या. आधी तुंबलं. ट्रॅपमधला गाळ काढल्यावर मिनिटभरात गेलं.

खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती आणि तुम्ही मागच्या उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंग करून घेतलंत, ते लक्षात आहे. फरशीला किंवा भिंतीला एकही भोक पाडणार नाही. मशीन स्टँडवर राहील, म्हणजे खाली गळलं तर लगेच दिसेल. कपडे धुऊन झाले की नळ बंद.

नळ, जाळी आणि मजुरी मिळून १,८५० रुपये सांगितलेत, ते मी देईन, भाड्यातून वळते करणार नाही. एक गोष्ट मात्र घराची आहे: तिथला जुना व्हॉल्व्ह गंजलाय, पूर्ण बंद होत नाही. तो बदलायचे ६०० रुपये तुम्ही द्यावेत अशी विनंती. नाहीतर उद्या मशीनचा पाइप निसटला तर गच्चीवर जाऊन अख्ख्या लाइनचं पाणी बंद करावं लागेल.

घर सोडताना जुना नळ परत बसवून देईन. तो जपून ठेवते. नवा राहू दे म्हणालात तर तसंच.

सोसायटीत भाडेकरूचं कुणी ऐकत नाही, तेव्हा सेक्रेटरींना तुमच्याकडून दोन ओळींचा मेसेज गेला तर बरं होईल. मशीन शनिवारी येतंय, प्लंबर शुक्रवारी सकाळी दहाला मोकळे आहेत. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवाल का? बाल्कनीचे आणि व्हॉल्व्हचे फोटो सोबत पाठवतेय.

काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
फ्लॅट ११ ची भाडेकरू