आगीमुळे वापरास अयोग्य झालेल्या गाळ्याच्या भाडेनुकसानीचा दावा

दिनांक : ९ मे २०२६

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
अग्निविमा दावे विभाग, सोलापूर शाखा

विषय : गाळा क्र. ३, तळमजला, नवी पेठ, सोलापूर येथील दिनांक १४ नोव्हेंबर २०२५ च्या आगीमुळे झालेल्या भाडेनुकसानीपोटी रु. १,७३,२५०/- मिळण्याबाबत

महोदय,

वरील गाळा माझ्या मालकीचा असून त्याची इमारत म्हणून आपल्या कंपनीकडे अग्निविमा उतरविलेला आहे. विम्याची मुदत ८ ऑगस्ट २०२५ ते ७ ऑगस्ट २०२६ अशी आहे. याच पॉलिसीत जादा हप्ता भरून मी भाडेनुकसानीचे अतिरिक्त संरक्षण घेतले असून त्याची विमा रक्कम रु. ३,७८,०००/- आणि भाड्याची विमाकृत मुदत १२ महिने आहे. दरमहा रु. ३१,५००/- या भाड्याच्या आधारे ही रक्कम ठरली होती आणि त्या वेळी भाडेकराराची प्रत आपल्या शाखेने माझ्याकडून घेतली होती.

गाळा १ जून २०२४ ते ३१ मे २०२७ या ३६ महिन्यांसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने एका साडी विक्रेत्याकडे आहे. पहिल्या वर्षी भाडे दरमहा रु. ३०,०००/- होते आणि कराराप्रमाणे ५ टक्के वाढीने ते १ जून २०२५ पासून रु. ३१,५००/- झाले. भाडे दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ माझ्या बँक खात्यात जमा होते. कराराच्या कलम ११ नुसार आगीसारख्या कारणाने गाळा वापरता येण्याजोगा राहिला नाही, तर तो पूर्ववत होऊन ताब्यात मिळेपर्यंत भाडे देण्याचे बंधन भाडेकरूवर राहत नाही.

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी पहाटे दोनच्या सुमारास गाळ्यातील विजेच्या मुख्य फलकाजवळ आग लागली. लाकडी पोटमाळ्यावर साड्यांचे गठ्ठे असल्याने ती लगेच छतापर्यंत पोचली. अग्निशमन दलाने पहाटे आग विझविली, परंतु तोपर्यंत पोटमाळा, वायरिंग, वीजमीटर व शटर पूर्ण जळाले होते, स्लॅबच्या मागील भागातील काँक्रीटचे थर निखळून सळया उघड्या पडल्या होत्या आणि दोन बीमना तडे गेले होते. अग्निशमन दलाच्या दाखल्यात व पोलीस पंचनाम्यात आगीचे कारण विजेचे शॉर्टसर्किट असे नमूद आहे. घटनेची सूचना मी दुसऱ्याच दिवशी आपल्या शाखेस दूरध्वनीने आणि ई-मेलने दिली.

आपल्या पॉलिसीतील भाडेनुकसानीच्या कलमाचा आशय असा आहे की, विमाकृत धोक्यामुळे इमारत किंवा तिचा भाग वापरास अयोग्य झाल्यास भरपाई देय होते आणि ती, इमारत पूर्ववत करण्यास आवश्यक असलेल्या कालावधीचे विमाकृत मुदतीशी जे प्रमाण असेल, त्या प्रमाणातील विमा रकमेपेक्षा अधिक असणार नाही. त्यामुळे या दाव्यात खरा प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे हा आवश्यक कालावधी किती. मार्चमधील भेटीत आपण नेमलेल्या सर्वेक्षकांनी तो तीन महिन्यांचा धरावा असे मत तोंडी व्यक्त केले. हे मत मला मान्य नाही आणि त्याची कारणे मी येथे सविस्तर मांडत आहे.

सर्वेक्षकांची पहिली पाहणी १९ नोव्हेंबर रोजी झाली. त्या वेळी, दुसरी पाहणी होईपर्यंत राडारोडा हलवू नये अशी लेखी सूचना त्यांनी मला दिली आणि ती दुसरी पाहणी ३ डिसेंबर रोजी झाली. हे दोन आठवडे मी कंपनीच्याच सांगण्यावरून थांबले असल्याने ते माझ्या दिरंगाईत मोजता येणार नाहीत. राडारोडा १२ डिसेंबरपर्यंत काढून झाला. त्यानंतर संरचना अभियंत्यांनी १८ डिसेंबर रोजी स्लॅब व बीमची रिबाउंड हॅमर आणि पल्स व्हेलॉसिटी चाचणी घेतली व २ जानेवारी २०२६ रोजी अहवाल दिला. आगीत तापलेल्या काँक्रीटची ताकद वरवर पाहून समजत नाही, आणि वर पहिल्या मजल्यावर कुटुंब राहत असताना चाचणीशिवाय नुसते प्लास्टर करून गाळा उघडणे हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा ठरला असता.

अहवालानुसार १२ जानेवारीपासून टेकू लावून काम सुरू झाले. दोन्ही बीमना जॅकेटिंग करून स्लॅबचा सुमारे ९० चौरस फुटांचा भाग तोडून ६ फेब्रुवारी रोजी नव्याने ओतण्यात आला. अभियंत्यांनी २८ दिवसांपूर्वी टेकू काढू नयेत असे लेखी बजावले होते, म्हणून ते ९ मार्च रोजी काढले. टेकू असताना फरशी, प्लास्टर किंवा वायरिंगचे काम गाळ्याच्या मागील निम्म्या भागात करणे शक्यच नव्हते. ती कामे व नवे शटर १८ एप्रिलपर्यंत पूर्ण झाले, परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या चाचणी अहवालानंतर नवा मीटर २७ एप्रिल रोजी बसला आणि २८ एप्रिल रोजी सायंकाळी मी भाडेकरूस किल्ल्या दिल्या. भाडे २९ एप्रिलपासून पुन्हा सुरू झाले आहे. तीन महिन्यांचा हिशेब धरला, तर गाळा १३ फेब्रुवारीस तयार व्हायला हवा होता. त्या दिवशी नव्या स्लॅबला जेमतेम एक आठवडा झाला होता.

माझ्या नुकसानीची आकारणी अशी आहे. नोव्हेंबरचे भाडे आगाऊ जमा झाले होते. त्यापैकी १४ ते ३० नोव्हेंबर या १७ दिवसांचे, दररोज रु. १,०५०/- प्रमाणे, रु. १७,८५०/- मी भाडेकरूस बँकेमार्फत परत केले. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचे रु. १,२६,०००/- आणि १ ते २८ एप्रिल या २८ दिवसांचे रु. २९,४००/- मिळाले नाहीत. एकूण रक्कम रु. १,७३,२५०/- होते. पॉलिसीतील प्रमाणानेही, म्हणजे १२ महिन्यांपैकी साडेपाच महिने धरून, रु. ३,७८,०००/- वर नेमकी हीच रक्कम येते.

सर्वेक्षकांनी भाडेकरूच्या रु. २,००,०००/- अनामत रकमेविषयी विचारणा केली होती. ती रक्कम करार संपल्यावर परत करावयाची असल्याने माझे उत्पन्न नाही, आणि कलम ११ मुळे भाडे थकलेलेच नसल्याने तिच्यातून वळते करण्याजोगे काही नाही. शेजारचा गाळा क्र. ४ देखील माझाच आहे, परंतु तो दोन दिवसांत उघडला आणि त्याचे भाडे मला पूर्ण मिळाले, म्हणून त्याबाबत माझी काही मागणी नाही. मी जीएसटी नोंदणीकृत नसल्याने मागणीत कराचा अंश नाही. भाडेकरूच्या मालाचा विमा त्यांचा स्वतंत्र आहे आणि इमारत दुरुस्तीच्या खर्चाचा माझा दावा आपल्याकडे वेगळा दाखल आहे. त्या दाव्याच्या निर्णयासाठी हा दावा थांबवून ठेवू नये.

सोबत पॉलिसीची व नोंदणीकृत कराराची प्रत, अग्निशमन दलाचा दाखला, पोलीस पंचनामा, राडारोडा न हलविण्याची सर्वेक्षकांची सूचना, संरचना अभियंत्यांचा अहवाल व टेकूंबाबतचे पत्र, ठेकेदारांची देयके, कामाच्या प्रत्येक टप्प्याची तारखेसह छायाचित्रे, विद्युत चाचणी अहवाल, किल्ल्या मिळाल्याची भाडेकरूची पोच आणि जून २०२५ ते एप्रिल २०२६ चा बँक खातेउतारा जोडला आहे.

तरी रु. १,७३,२५०/- माझ्या पॉलिसीशी जोडलेल्या बँक खात्यात जमा करावेत. कालावधी कमी धरण्याचा कंपनीचा विचार असल्यास, वर दिलेल्या टप्प्यांपैकी कोणता टप्पा अनावश्यक होता आणि का, हे मला लेखी कळवावे व सर्वेक्षण अहवालाची प्रत द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
शैलजा वसंत पाटणे
(गाळामालक व पॉलिसीधारक)
सोलापूर