आरटीएक्स ३०६० बद्दल विचारायचं होतं

नमस्कार दादा, ३०६० ची जाहिरात पाहिली. ग्राफिक्स कार्ड अजून आहे का? १२ जीबीचंच ना? ८ जीबीचंही याच नावाने येतं, म्हणून GPU-Z चा स्क्रीनशॉट पाठवाल का?

बिल आहे का, वॉरंटी किती उरलीय? मायनिंगला वापरलं असेल तर सरळ सांगा, तेवढ्यावरून मी नाही म्हणणार नाही. पण उघडून पेस्ट किंवा पॅड बदललेत का, कुठे दुरुस्ती झालीय का, हे कळायला हवं. तिसऱ्या फोटोत डाव्या पंख्याच्या पात्याची कड उडालेली दिसतेय. जोरात फिरताना खडखड येते का?

माझा ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आहे. कार्डाला ८ पिनचा एकच कनेक्टर लागतो ना?

शनिवारी संध्याकाळी कोथरूडहून वारज्याला येतो. तुमच्याच पीसीवर पंधरा मिनिटं FurMark आणि थोडा वेळ एखादा गेम चालवून बघू, सगळे पोर्टही तपासू. मागचं कार्ड न तपासता घेतलं, घरी दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी! सगळं नीट चाललं तर जागेवर यूपीआय करतो. १६ हजारांत थोडं कमी होईल का?