दहावी गणित, दुसरं सत्र: ग्रुपवर टाकलेला सिलॅबस आणि घरची रिव्हिजन

कराड, ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार पालकहो,

दिवाळी छान झाली असेल. काल रात्री आपल्या ग्रुपवर दुसऱ्या सत्राच्या सिलॅबसची पीडीएफ टाकली, ती बऱ्याच जणांनी उघडून बघितली पण त्यात नुसती धड्यांची नावं आहेत, त्यामुळे सकाळपासून चार-पाच जणांचे फोन आले की मॅडम यात नक्की काय आहे आणि आम्ही घरी काय करायचं. म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते.

आधी काय राहिलंय ते. बीजगणितात तीन धडे, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. भूमितीत पण तीनच, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. बाकीचं सगळं पहिल्या सत्रात झालंय, त्यातलं वर्तुळ आणि वर्गसमीकरणं मात्र मी दर शनिवारी परत घेणार आहे कारण सहामाहीच्या पेपरात तिथेच जास्त मार्क गेलेत. २५ डिसेंबरपर्यंत सहाही धडे संपवायचे, जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा आणि मग फेब्रुवारीत बोर्ड. दोन्ही पेपर ४०-४० मार्कांचे, दोन-दोन तासांचे, आणि २० मार्क शाळेकडचे अंतर्गत, त्यामुळे शाळेतले गृहपाठ, प्रात्यक्षिक वही हे ‘नंतर बघू’ करू नका प्लीज.

अर्थनियोजन म्हणजे जीएसटी आणि शेअर्स. हा धडा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त येतो, खरंच. दुकान असेल तर मुलाला एक बिल समोर ठेवून सीजीएसटी, एसजीएसटी कुठे लिहिलंय ते दाखवा, हॉटेलात गेलात तर बिल फेकू नका, त्याच्यावर २.५ टक्के आणि २.५ टक्के असं दोनदा का लावलंय ते त्यालाच विचारा. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, या वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदललेत, बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्के गेले, पण पुस्तकातल्या उदाहरणांत ते जुने दर आहेतच. मुलं गोंधळतात. परीक्षेत गणितात जो दर दिलाय तोच धरायचा, बाजारात काय चाललंय ते तिथे आणायचं नाही. आणि नेहमीची चूक म्हणजे करासहित किंमत ११८० रुपये दिली आणि दर १८ टक्के असला की मुलं सरळ ११८० चे १८ टक्के काढतात. करपात्र किंमत १००० येते, कर १८०. हे एक गणित आज रात्रीच घालून बघा. शेअर्समध्ये लाभांश दर्शनी किमतीवर काढायचा, बाजारभावावर नाही, एवढं पक्कं झालं की अर्धा धडा झाला.

संभाव्यतेसाठी एक विनंती आहे, घरात पत्त्यांचा कॅट असेल तर बाहेर काढा. आपल्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी पत्ते हातातच घेतलेले नाहीत, इस्पिक आणि किलवर यातला फरक माहीत नाही, मग ५२ पैकी चित्रांचे पत्ते किती हे कसं येणार. (१२ असतात, राजा-राणी-गुलाम, एक्का त्यात धरायचा नाही.) अर्धा तास खेळा त्यांच्याबरोबर, तो अभ्यासच आहे.

सांख्यिकीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे हमखास मार्कांचं आहे आणि तिथेच जातात. मागच्या आठवड्यात एका मुलीची वही बघत होते. ५० मुलांचे मार्क, ०-१०, १०-२० असे गट, वारंवारता ६, १०, १८, ११, ५. मध्यक गट तिने बरोबर शोधला, २०-३०. सूत्र तोंडपाठ.

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
```

पण cf म्हणजे मध्यक गटाच्या *आधीच्या* गटापर्यंतची संचित वारंवारता, म्हणजे १६. तिने त्याच ओळीतली ३४ घेतली आणि उत्तर आलं १५. बरोबर उत्तर २५. आता बघा, मध्यक गट २०-३० आहे आणि उत्तर १५ आलंय, म्हणजे ते गटाच्या बाहेर गेलं! हे कळायला गणित यावं लागत नाही. तुम्ही नुसतं वहीत बोट ठेवून विचारायचं, ‘गट कुठला, उत्तर कुठलं, आत बसतंय का?’ ती मुलगी स्वतःच म्हणाली, मॅडम मी बघितलंच नाही. मुलं उत्तर आलं की खाली दोन रेघा मारून पुढे पळतात, मागे वळून बघतच नाहीत, आणि मला घरून नेमकी एवढीच मदत हवीय.

भूमितीचं थोडक्यात. निर्देशक भूमितीत अंतर, विभाजन आणि चढ ही सूत्रं, आकडेमोड सावकाश केली तर मार्क हातात, वजाबाकीच्या चिन्हात चुकतात फक्त. त्रिकोणमितीत sin²θ + cos²θ = 1 वरून सिद्ध करायची उदाहरणं असतात, ती पाठ करून होत नाहीत, रोज दोन सोडवावीच लागतात, पण उंची-अंतराच्या गणितात आकृती बरोबर काढली की बाकी सोपं. महत्त्वमापनात शंकूछेद मुलांच्या डोळ्यासमोर येत नाही, तर बाथरूममधली बादली दाखवा, वर रुंद खाली अरुंद, तोच शंकूछेद.

आता घरचं. तुमच्यातले बरेच जण म्हणतात, मॅडम आम्हाला दहावीचं गणित कुठे येतं, आम्ही काय घेणार. घ्यायचं नाहीच आहे. मी आहे ना. तुम्ही फक्त रोज पाऊण तास त्याला टेबलाशी बसवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि सोडवलेलं उदाहरण झाकून परत कोऱ्या पानावर सोडवायला सांगा. वही वाचून ‘आलं मला’ म्हणतात ते येणं नसतं, डोळ्यांना ओळखीचं वाटतं एवढंच. अडलं की लगेच उत्तर बघू देऊ नका, दहा मिनिटं झगडू दे, नंतर फोटो काढून मला पाठवा, मी रात्री नऊपर्यंत उत्तर देते. चुकलेली गणितं वेगळ्या शंभरपानी वहीत, तारीख टाकून, रविवारी फक्त तीच परत सोडवायची.

आणि ‘किती धडे झाले?’ असं रोज विचारू नका. त्याऐवजी ‘आज काय चुकलं, दाखव’ असं विचारा, पण आवाज न चढवता. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, त्याची आई भाजीच्या गाड्यावरून आठला घरी यायची आणि पोळ्या लाटता लाटता त्याला म्हणायची, आजचं एक गणित मला समजावून सांग. तिला सातवीपुढचं येत नव्हतं. ती ‘हे इथे का आलं?’ एवढंच विचारत राहायची आणि त्याला सांगावं लागायचं. मी इतकी वर्षं शिकवतेय पण यापेक्षा चांगली रिव्हिजन मी बघितलेली नाही.

क्लासची रात्रीची सराव परीक्षा असली की जेवून पाठवा, उपाशी मुलं शेवटच्या अर्ध्या तासात साधे गुणाकार चुकतात. आणि शेजारच्या मुलाचे मार्क घरात काढू नका, मनापासून सांगते, त्याने मूल गप्प होतं आणि मग मलाही काही विचारत नाही.

येत्या रविवारी, १६ तारखेला सकाळी ११ वाजता क्लासवर पालक मीटिंग ठेवलीय, सहामाहीचा पेपर आणि ती चुकांची वही दोन्ही घेऊन या, आई किंवा बाबा कोणीही चालेल, आजी-आजोबा आले तरी चालतील. ज्यांना रविवारी जमत नाही त्यांनी सोमवारी संध्याकाळी सातनंतर यावं, आधी एक मेसेज टाका म्हणजे मी थांबेन.

तुमची,
मनीषा मॅडम