पावसाआधी दप्तर तयार!

ईमेल
विषय: वह्यांवर 20 टक्के सूट, 7 जूनपर्यंत

नमस्कार पालकहो,

गेल्या जूनमध्ये एक आई भिजलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन दुकानात आली होती. शाळेचा दुसराच दिवस, आणि शाई सगळी पसरलेली. म्हणून यंदा डझनभर वह्या घेणाऱ्यांना प्लास्टिक कव्हरं मोफत देतोय, आणि ती आम्हीच घालून देऊ. गोव्याच्या पावसात ब्राऊन पेपर एकटा टिकत नाही.

172 पानी वही 35 रुपयांची. डझन 420 ऐवजी 336 रुपयांना. कंपास पेटी, रंग, दप्तरं यांवर 10 टक्के सूट.

शाळेची यादी या ईमेलला उत्तर म्हणून पाठवा. सामान बांधून ठेवू, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आलात की घेऊन जा.

फेसबुक व इन्स्टाग्राम
पोरांनो, नव्या वहीचा वास आठवतोय ना? 24 मे ते 7 जून, वह्यांच्या डझनावर 20 टक्के सूट, कव्हरं मोफत. पहिल्या पानावर नाव सुवाच्य अक्षरात लिहा, फोटो टाका, आम्हाला टॅग करा. प्रत्येकाला एक पेन्सिल भेट.

व्हॉट्सॲप स्टेटस, 6 जून
उद्या शेवटचा दिवस. रात्री 8 पर्यंत दुकान उघडं आहे.